पोळी आतून गरम झाली का?

हुबळीच्या मैत्रीनगरात चौदा एप्रिलच्या जयंतीला संध्याकाळी पुरणपोळीचं जेवण असतं. सकाळी वंदना, दुपारी मिरवणूक, चार वाजता समाजमंदिरापुढच्या मांडवात भाषणं आणि साडेसहाला पोळी. यंदा कमिटीच्या बैठकीत सुकन्या उभी राहिली. ती महिला मंडळाची अध्यक्ष, शाळेत शिकवणारी. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, तो समाजमंदिराच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला.

"दरवर्षी आम्ही मागं पोळ्या भाजतो आणि भाषणं तुम्ही करता. समतेवर. आम्हाला फक्त टाळ्या ऐकू येतात. यंदा स्टेजवर आम्ही आणि तव्यावर तुम्ही."

पुरुषांच्या बाजूला एकदम चुळबुळ सुरू झाली. कुणी चप्पल शोधायला लागला, कुणाला फोन आला. पहिल्या रांगेत बसलेल्या धम्मानंदला मात्र फोनही आला नाही आणि चप्पलही सापडलेलीच होती. तो सुकन्याचा नवरा. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तसा तो ताठ उठला.

"त्यात काय अवघड आहे?" तो म्हणाला. "तापमानाचं काम माझ्यावर सोडा."

हे बोलायचा त्याला थोडाफार अधिकार होता. तारिहाळच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं भट्टीवर होता. गिअरची चाकं भट्टीत घालायची, साडेआठशे डिग्रीला तापवायची आणि तेलात बुडवून कडक करायची, हे त्याचं काम. लोखंड त्याचं ऐकतं, तर कणकेची काय बिशाद, असा त्याचा साधा हिशेब होता.

"एकशेवीस पोळ्या आहेत," सुकन्या म्हणाली.

"असू देत. प्रोसेस एकदा सेट झाली की झालं."

सुकन्या हसली. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या बाईचं ते हसू होतं. धम्मानंदला ते कळलं नाही.

त्याला दोन साथीदार मिळाले. एक केदारीमामा, रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झालेले. बाहू अजून रुळासारखे, पण कानांनी थोडे हळू. दुसरा लोकेश, बसवर कंडक्टर. त्याच्या बोलण्यात अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्हींत "पुढं सरका, पुढं सरका". तेरा तारखेला तिघांनी मिळून डाळ शिजवली, गूळ घातला, वेलची-जायफळ कुटलं आणि पुरण आटवलं. पुरणात उलथनं उभं राहिलं तेव्हा तिघांनी एकमेकांचे हात धरून हलवले. कटाची आमटीसुद्धा झाली. गाडी अगदी रुळावर होती.

मग प्रश्न आला, पुरण ठेवायचं कुठं? एप्रिलातली हुबळी, रात्रीतून आंबून जाईल. धम्मानंदनं कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या मोठ्या फ्रीजमध्ये जागा मिळवली आणि पुरणाचं, आमटीचं, दोन्ही पातेली आत ठेवली. "शास्त्रशुद्ध," तो म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते दुसऱ्या दिवशी. मिरवणूक लांबली आणि पातेली फ्रीजमधून बाहेर निघाली ती थेट चार वाजता, पोळ्या सुरू करायच्या वेळेलाच.

दोन मोठे लोखंडी तवे, दोन शेगड्या, असा सगळा थाट धम्मानंदनं मांडवाच्या उजव्या अंगाला, स्टेजसमोर तिरका मांडला. मागं कशाला लपवायचं, लोकांना दिसू दे, असं त्याचं म्हणणं. सुकन्यानं शेगड्यांभोवती चार खुर्च्या लावून दोरी बांधली.

"दोरीच्या आत एकही बाई येणार नाही," तिनं जाहीर केलं. "कुणी सल्ला द्यायचा नाही, हात लावायचा नाही. आई, हे तुलाही लागू."

आई म्हणजे कृष्णाबाई, धम्मानंदची सासू. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी अळणावरच्या लाकडाच्या वखारीत ओंडक्यांच्या साली काढायचं काम केलेली. ती यंदाची मुख्य वक्ता होती आणि जन्मात पहिल्यांदा माइकपुढं उभी राहणार होती. पांढऱ्या साडीत ती स्टेजवर खुर्चीत बसली होती. तिची नजर मात्र तव्यावरून हलत नव्हती.

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. "मी पाहुणी आहे आज."

धम्मानंदनं खिशातून एक यंत्र काढलं. पिस्तुलासारखं होतं. घोडा दाबला की लाल ठिपका पडायचा आणि पडद्यावर तापमान यायचं. कारखान्यातून साहेबांना विचारून आणलं होतं. लोकांनी माना लांब केल्या.

"आधी भट्टी पूर्ण तापवायची," तो म्हणाला आणि त्यानं शेगडी सगळी सोडली. तवा तापला, धुरायला लागला. यंत्रानं दोनशे नव्वद दाखवलं. लोकेशनं पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते चर्र करून आटण्याऐवजी मण्यांसारखे तव्यावर पळत सुटले.

"अण्णा, पाणी नाचतंय की!"

"नाचू दे. म्हणजे तयार आहे."

स्टेजवर कृष्णाबाईला खोकला आला. खोकला कसला, सूचनाच ती. पण धम्मानंदला वाटलं, धूर लागला असेल म्हातारीला.

केदारीमामांनी कणकेच्या गोळीत पुरण भरून, तेल लावलेल्या केळीच्या पानावर पोळी थापली. मोठ्या हातांच्या मानानं फारच नाजूक थापली. पान उलटं करून पोळी तव्यावर सोडली, पान हळूच सोलून घेतलं. इथवर सगळं देखणं होतं. पंधरा सेकंदांत करपल्याचा वास आला. धम्मानंदनं घाईनं उलथनं घातलं, उलटली. काळे डाग. पुन्हा उलटली. ती बाजू करपू नये म्हणून पुन्हा. मग लोकेशच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा. पाचव्या पलटीला पोळी मधोमध फाटली. पुरण तव्यावर सांडलं, गूळ जळून डांबर झाला आणि एवढा धूर झाला की स्टेजवर स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली एका सुरात शिंकल्या.

"मामा, तवा पुसा!" धम्मानंद ओरडला.

मामांना ऐकू आलं, "तवा उचला." त्यांनी फडक्यानं तवा उचलला, चटका बसला, तसाच परत ठेवला, आणि मराठी-कानडी दोन्ही भाषांत न बसणारं काहीतरी म्हणाले.

दुसऱ्या पोळीला त्यानं आच इतकी बारीक केली की ज्योत दिसेना. पाच मिनिटं झाली तरी पोळी पांढरीच. उचलली तेव्हा ती ताठ उभी राहिली. लोकेशनं तिच्यावर टकटक केलं, तिकीट विचारावं तसं.

तिसरी पोळी मात्र जमली. आच मोठीच, पण पहिल्याइतकी नाही. दोन्ही बाजूंनी सोनेरी, मध्ये तांबूस ठिपके, वर तूप. धम्मानंदनं यंत्र रोखलं, घोडा दाबला. "एकशे साठ डिग्री! फर्स्ट क्लास." आणि मग गाडी सुटली. एक पोळी दीड मिनिटाची. मामा थापतायत, धम्मानंद भाजतोय, लोकेश तूप लावून ताटात रचतोय. चौदा पोळ्या झाल्या. लांबून ते ताट कॅलेंडरावरच्या चित्रासारखं दिसत होतं.

"पुढच्या रांगेला नमुना द्या," धम्मानंद म्हणाला. त्याच्या आवाजात आता सव्वीस वर्षं होती.

पहिल्या रांगेत महादेव मास्तर होते. रिटायर्ड, वय ऐंशी, खालची एक दाढ हलती आणि भयंकर नाजूक. त्यांनी पोळीचा मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि खुर्चीवरून वीतभर उडाले.

"आई गं! दाढ गेली!"

सगळे धावले. मास्तर गाल धरून म्हणाले, "अहो, थंड! बर्फासारखं थंड आहे आत!"

"गरम म्हणायचंय का तुम्हाला?" धम्मानंदनं विचारलं.

"चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी! गरम आणि थंडातला फरक मला सांगू नका!"

लोकेशनं तुकडा चाखला. "खरं की, अण्णा. पुरणाची होळगी नाही ही, ऐस्क्रीम आहे. वरचा कोन तेवढा गरम."

मांडवात हशा पिकला. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडात गेले. धम्मानंदनं तव्यावरच्या पोळीत बोट खुपसलं. वर पापुद्र्यानं बोटाला चटका दिला आणि आत पुरणानं गारवा. एकाच बोटाला दोन ऋतू. त्यानं यंत्र पोळीवर रोखलं, एकशे चाळीस. बोट म्हणत होतं फ्रीज, यंत्र म्हणत होतं भट्टी. आच वाढवावी तर पोळी करपते, कमी करावी तर पापड होते. कपाळावरचा घाम त्यानं पिठाच्याच हातानं पुसला आणि त्याचं कपाळ पांढरं झालं.

नेमक्या त्याच वेळी सुकन्यानं माइकवर सांगितलं, "आता आपल्या मुख्य वक्त्या, कृष्णाबाई."

कृष्णाबाई उठली. माइक तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, तो खाली वाकवला. तिनं सगळ्यांना जय भीम घातला आणि दोरीकडं बघतच बोलायला सुरुवात केली.

"मी शिकलेली नाही. अळणावरच्या वखारीत माझी आई साली काढायची, मी पण काढायची. पगार हातात पडला की आई पहिल्यांदा माझी पाटी आणायची. पण पाटी फुटायची आणि पगार... अहो, गॅस बारीक करा तो!"

मांडव चमकला. लोकेशनं नकळत शेगडीला हात घातला.

"अगदी बारीक नको! मधला. मधला ठेवा," कृष्णाबाई माइकमधून म्हणाली. "तर आम्ही काय म्हणत होतो... मोठ्या जाळावर घाई करून काही होत नाही. वरवर रंग येतो. वरून लाल दिसलं म्हणून आत पोचलं असं समजू नका!"

मागच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, म्हातारी समाजाबद्दल बोलतेय. त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टीही मारली. कृष्णाबाईला जोर चढला.

"सारखं सारखं उलटंपालटं केल्यानं माणूस फाटतं... पोळी फाटते! एक बाजू नीट धरू द्या तिला!"

पुन्हा टाळ्या. महादेव मास्तर गाल धरलेल्या हातानंच टाळी वाजवत होते.

सुकन्यानं पुढं येऊन कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, "विषयाला धरून बोल." कृष्णाबाईला वाचता येत नव्हतं, पण कागद कशाचा हे कळलं. ती माइकमध्येच म्हणाली, "हाच विषय आहे."

"आई, नियम," सुकन्या कुजबुजली. तेही माइकनं सगळ्यांना ऐकवलं.

"मी दोरीच्या बाहेर आहे. भाषण करतेय मी."

इकडं धम्मानंद मात्र टाळ्या ऐकत नव्हता. "वरून लाल दिसलं म्हणून आत पोचलं असं समजू नका" या वाक्याशी तो अडकून उभा होता. हे वाक्य त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कुठं? आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऐकलं कुठलं, हे तर तो स्वतःच रोज बोलायचा! कारखान्यात नवीन कामगार आले की तो त्यांना भट्टीपुढं उभं करून सांगायचा: चाक वरून लाल झालं म्हणजे झालं नाही. गाभ्यापर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. तेवढा वेळ भट्टी स्थिर ठेवून थांबायचं. जेवढं जाड, तेवढं थांबायचं. आणि गार गोदामातून आलेला माल थेट भट्टीत घालायचा नाही, आधी कोमट करून घ्यायचा. हे सव्वीस वर्षं इतरांना सांगितलं आणि स्वतः फ्रीजमधलं पुरण तसंच कणकेत भरलं. शिवाय ते यंत्र काय बघतं? वरची कातडी. आतलं त्याला काय कळणार?

त्यानं पिस्तूल बंद करून खिशात घातलं.

"लोकेश, सगळं पुरण कढईत घाल. बारीक आच, खालून वर हलवत राहा. चटका नको, फक्त गारठा जाऊ दे. हाताला कोमट लागलं की परातीत पसर."

"म्हणजे आतापर्यंत...?"

"आतापर्यंतचं विसर. पुढं सरक."

लोकेशला ही भाषा समजली. दहा मिनिटांत पुरण कोमट, मऊ, हातात घेतलं की गोळी होणारं झालं. तव्यावरचा जळका गूळ धम्मानंदनं उलथन्यानं खरवडला, ओल्या फडक्यानं पुसला, तेलाचं बोट फिरवलं. आच मध्यम. पाणी शिंपडलं. थेंब पळाले नाहीत, चर्र झाले आणि जागेवर आटले. वरून, स्टेजवरून, कृष्णाबाईनं बोलता बोलता मान डोलावली. "तर त्या वखारीतल्या मुकादमानं," ती म्हणाली, "माझ्या आईची हजेरी खाल्ली," आणि पुढची दोन मिनिटं भाषण मुकादमाचंच झालं, कारण तव्यावर बोलण्यासारखं काही घडत नव्हतं.

मामांनी पोळी थापली, पान उलटं करून तव्यावर सोडली. धम्मानंदनं उलथनं हातात धरलं आणि थांबला. थांबणं फार अवघड होतं. हात सारखा पुढं जायचा. त्यानं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"अण्णा, उलटू?"

"नाही."

पोळीचा ओला रंग हळूहळू सुकला, वरची कणीक थोडी पारदर्शक झाली, इकडं तिकडं बारीक फुगे उठले. कड तव्यापासून सुटली. तेव्हा त्यानं उलथनं एका बाजूनं पूर्ण खाली सारलं, दुसऱ्या हाताची बोटं वर टेकवली आणि झोपलेलं पोर कुशीवर वळवावं तशी पोळी वळवली. खालची बाजू सोनेरी, ठिपके तांबूस. वर तुपाची धार. पुन्हा थांबला.

आणि मग पोळीच्या एका कडेला उंचवटा आला. उंचवटा सरकत मध्ये गेला, वाढत गेला, आणि बघता बघता पोळी सगळीच्या सगळी फुगली, उशीसारखी टम्म.

"माइक बंद करू का, आई?" सुकन्यानं विचारलं. कृष्णाबाई कधीची गप्प उभी होती. मिरवणुकीत नाचून दमलेली पोरंसुद्धा खुर्चीवर उभी राहून पोळी बघत होती.

"वाफ धरली," कृष्णाबाई माइकमध्ये हळूच म्हणाली. "पुरणातलं पाणी उकळल्याशिवाय वाफ होत नाही. आता ती आतून गरम आहे. आता दाबू नका, फुटेल. कडेनं वाफ निघेल, वेलचीचा वास येईल, तेव्हा काढा."

कडेच्या बारीक भोकातून फुस्स करून वाफ निघाली. वेलची-जायफळाचा वास पहिल्या रांगेतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या रांगेत गेला, आणि प्रत्येक रांग जरा पुढं झुकली. धम्मानंदनं पोळी काढून फडक्यावर सुटी पसरली. मास्तर पुढं आले.

"आत बघू?" त्यांनी विचारलं. दाढेची बाजू हातानं झाकून त्यांनी तुकडा मोडला. आतून वाफेची रेघ उठली. त्यांनी फुंकर घातली, दुसऱ्या बाजूनं चावला, डोळे मिटले.

"बोला की, मास्तर!"

"थांबा," मास्तर म्हणाले. "दाढ काय म्हणते ते ऐकतोय."

दाढ काही म्हणाली नाही. मांडवात एवढ्या टाळ्या पडल्या की मिरवणुकीच्या ढोलवाल्यांना वाटलं पुन्हा सुरू करायचंय, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांना थांबवेपर्यंत एक पोळी करपली. ती मामांनी खाल्ली.

मग मात्र गाडी खरोखर सुटली. दोन तवे, एका तव्यावर दोन पोळ्या, प्रत्येक पोळीला एक वळण, फार तर दोन. धम्मानंद घड्याळ बघेनासा झाला. फुगली की काढायची. फुगली नाही, कडेतून वाफ सुटून गेली, तर उलथन्याची पाठ मध्यावर अलगद टेकवून बघायची. आत मऊ, जड वाटलं तर अजून थोडी, हलकी आणि सैल वाटली की झाली. आधीच्या तेरा थंड पोळ्या बारीक आचेवर वर ताट झाकून पुन्हा गरम केल्या. जराशा कडक झाल्या, पण दात चांगले असलेल्यांनी त्या खाल्ल्या. गरमागरम पोळ्या एकावर एक रचायला निघालेल्या लोकेशला स्टेजवरून शेवटची सूचना मिळाली, "एकावर एक नको रे, घाम येईल त्यांना!" त्याबरोबर कृष्णाबाईनं भाषण संपवलं आणि जागेवर जाऊन बसली.

पंगत उठली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. धम्मानंदच्या दोन बोटांवर फोड, कपाळावर पीठ, सदऱ्यावर तुपाचे नकाशे. केदारीमामा खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होते, हाताची बोटं अजून पोळी थापत होती. सुकन्या दोरी ओलांडून आत आली.

"नियम," धम्मानंद म्हणाला.

"संपला नियम. भूक लागलीय."

शेगडी चालू होती. शेवटच्या तीन गोळ्यांतली एक त्यानं स्वतः थापली, थोडी वाकडी, तव्यावर टाकली, थांबला, वळवली. फुगली. तव्यावरून थेट तिच्या ताटात. सुकन्यानं तुकडा मोडला, बोटं भाजली, फू फू केलं आणि तोंडात घातला. मग ती एकदम चावायचं थांबली.

"काय झालं?" धम्मानंद घाबरला. "थंड आहे?"

तिनं मान हलवली.

"अहो," ती म्हणाली, "गरम पुरणपोळी अशी लागते होय?"

लग्नानंतरच्या सगळ्या पोळ्या धम्मानंदच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्या तव्यावरून त्याच्या ताटात, पाहुण्यांच्या ताटात, पोरांच्या ताटात पडल्या होत्या. आणि सुकन्या शेवटी, सगळं आवरल्यावर, डब्यातली खात होती. हे त्यानं कधी मोजलंच नव्हतं. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं भाषणासारखं होतं. तेव्हा तो तव्याकडं वळला आणि त्यानं दुसरी गोळी घेतली.

"तूप?" त्यानं विचारलं.

"सोडा की भरपूर," सुकन्या म्हणाली. "हात आखडता घेऊ नका. आणि आईला पण एक टाका. बघा कशी खोकतेय तिकडं."